बॅलन्स जुळला, तरी उत्तर चुकलं: रिसायकलच्या गणिताची तपासणी

रिसायकल असलेल्या मास बॅलन्सच्या गणितात एक चूक पुन्हा पुन्हा होते, आणि ती दिसत नाही म्हणूनच पुन्हा पुन्हा होते. शेवटी आत आलेलं आणि बाहेर गेलेलं यांची बेरीज करून पाहिली जाते, दोन्हीकडे १००० येतात, उत्तराखाली दोन रेघा ओढल्या जातात. उत्पादनाचा आकडा मात्र चाळीस टक्क्यांनी कमी आलेला असतो. बेरीज खोटी नसते. ती दुसऱ्याच प्लांटची असते, ज्यात रिसायकलची पाइप कुठेच जोडलेली नाही.

हा लेख गणित सोडवायचं कसं यापेक्षा सोडवलेलं तपासायचं कसं यावर आहे. सगळं एकाच उदाहरणावर करू, म्हणजे आकडे ओळखीचे होतील.

## उदाहरण

मिठासारख्या एका क्षाराचं द्रावण, ताशी १००० किलो, त्यात १९ टक्के क्षार. हा ताजा फीड रिसायकलमध्ये मिसळतो आणि इव्हॅपोरेटरमध्ये जातो. तिथे पाण्याची वाफ होते आणि ६० टक्के क्षाराचं द्रावण बाहेर पडतं. ते क्रिस्टलायझरमध्ये थंड होतं, गाळलं जातं. गाळणीवर ओला केक राहतो, त्यात एकूण ९५ टक्के क्षार आणि ५ टक्के पाणी. खाली उरलेलं मदर लिकर ४० टक्के क्षाराचं, आणि ते सगळं मागे इव्हॅपोरेटरच्या आधी परत जातं. वाफेबरोबर क्षार जात नाही. केक किती, वाफ किती, रिसायकल किती?

## टप्पा १: आकड्यांना हात लावण्याआधी चित्र आणि नावं

आपण काढलेलं जुनं चित्र पाहून तपासू नका. प्रश्न पुन्हा वाचा आणि कोऱ्या कागदावर चित्र नव्याने काढा. जुन्या चित्रातच बाण चुकला असेल, तर त्यावरून केलेली तपासणी त्याच चुकीवर शिक्का मारते.

प्रवाह जिथे मिसळतात त्या ठिकाणी नुसता टिंब काढू नका, चौकोन काढा आणि त्याला मिक्सर म्हणा. प्रवाह जिथे फुटतो तिथेही चौकोन, तो स्प्लिटर. प्रश्नात या जागांचा उल्लेख उपकरण म्हणून नसतो, म्हणून त्यांचं समीकरण लिहायचं राहून जातं. रिसायकल हरवते ती बहुतेक वेळा इथेच.

मग प्रत्येक प्रवाहाला एकच अक्षर द्या आणि तो कुठून निघतो, कुठे संपतो ते लिहा:

```
F : बाहेरून       -> मिक्सर
X : मिक्सर        -> इव्हॅपोरेटर
W : इव्हॅपोरेटर    -> बाहेर
M : इव्हॅपोरेटर    -> क्रिस्टलायझर
P : क्रिस्टलायझर   -> बाहेर
R : क्रिस्टलायझर   -> मिक्सर
```

क्रिस्टलायझर आणि गाळणी इथे मी एकाच चौकोनात धरली आहेत. त्याने उत्तर बदलत नाही, पण पुढे टप्पा ६ मध्ये हा चौकोन उघडून पाहावा लागेल.

सावधान: मिक्सरच्या आधीचा F आणि नंतरचा X या दोघांनाही नुसतं "फीड" म्हणू नका. F हा १००० किलो आणि १९ टक्क्यांचा. X चा आकडा अजून माहीतच नाही. दोघांना एकच नाव दिलं की १००० हा आकडा आपोआप इव्हॅपोरेटरच्या तोंडाशी जाऊन बसतो, आणि रिसायकल तिथेच संपली.

## टप्पा २: हजेरी

ही तपासणी मला सगळ्यांत उपयोगी वाटते, कारण तिला एकही आकडा लागत नाही. प्रत्येक चौकोनाचा बॅलन्स अक्षरांत लिहा:

```
मिक्सर         : F + R = X
इव्हॅपोरेटर     : X = W + M
क्रिस्टलायझर    : M = P + R
```

आता प्रत्येक अक्षर या तीन ओळींत किती वेळा आलं ते मोजा. आतल्या प्रवाहाची, म्हणजे ज्याची दोन्ही टोकं चौकोनांना जोडलेली आहेत त्याची, हजेरी नेमकी दोनदा लागली पाहिजे: एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. बाहेरून येणाऱ्या किंवा बाहेर जाणाऱ्या प्रवाहाची हजेरी एकदाच. वर X, M आणि R दोनदा आहेत, तर F, W आणि P एकदा. हजेरी बरोबर आहे.

या तिन्ही ओळींची बेरीज केली की आतले प्रवाह दोन्ही बाजूंनी कटतात आणि उरतं `F = W + P`. हाच पूर्ण प्लांटचा बॅलन्स. त्यात R नाही, X नाही, M नाही. आपल्याच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे वळवले तर ते ना कमाईत धरतात ना खर्चात, तसंच हे.

हजेरी चुकली तर दोनच शक्यता. आतला प्रवाह एकदाच आला असेल, तर तो कुठून तरी निघाला पण कुठेच पोचला नाही: रिसायकल विसरली. आतला प्रवाह पूर्ण प्लांटच्या ओळीत दिसला, तर तो दुहेरी मोजला जातोय.

तपासा: वहीत `F = W + P + R` किंवा `F + R = W + P` अशी ओळ कुठे आहे का? असेल तर पुढचं काही पाहायची गरज नाही. ती ओळ लिहिताना सीमा पूर्ण प्लांटभोवती धरली होती, पण मनात ती अर्धवटच होती. सीमेची रेघ पेन्सिलने प्रत्यक्ष ओढा आणि ती रेघ जे बाण छेदते तेवढेच बॅलन्समध्ये घ्या. R चा बाण पूर्णपणे रेघेच्या आत आहे. तो छेदलाच जात नाही.

## टप्पा ३: कोणती समीकरणं वापरायची, कोणती राखून ठेवायची

इथे दोन घटक आहेत, क्षार आणि पाणी. तीन चौकोन, प्रत्येकाची दोन समीकरणं, म्हणजे सहा. अज्ञातंही सहा: P, W, R, M, X आणि X मधलं क्षाराचं प्रमाण. पूर्ण प्लांटची दोन समीकरणं धरली तर कागदावर आठ ओळी होतात, पण त्यातल्या सहाच एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. उरलेल्या दोन त्या सहांतूनच निघतात.

म्हणजे कोणत्याही एका सीमेची दोन समीकरणं सोडवताना लागत नाहीत. ती तपासणीसाठी राखून ठेवा आणि कोणती राखली ते आधीच लिहून ठेवा. मी सहसा पूर्ण प्लांट, क्रिस्टलायझर आणि मिक्सर सोडवायला घेतो आणि इव्हॅपोरेटर राखतो.

सावधान: ज्या समीकरणातून उत्तर काढलं त्याच समीकरणात ते परत घालून "जुळलं" म्हणणं ही तपासणी नव्हे. ते जुळणारच. बेरीज-वजाबाकी नीट झाली एवढंच त्यातून कळतं.

## टप्पा ४: आधी मर्यादा ठरवा

सोडवण्याआधी अर्ध्या मिनिटात उत्तराची कमाल मर्यादा काढता येते. ताशी १९० किलो क्षार आत येतो. क्षाराला बाहेर जायला एकच वाट आहे, केक. म्हणून स्थिर अवस्थेत केकमध्ये १९० किलोच क्षार असला पाहिजे, ना कमी ना जास्त:

```
0.95 P = 190
P = 200
W = 1000 - 200 = 800
```

मर्यादा काढायला बसलो आणि नेमकं उत्तरच हाती आलं. असं नेहमी होत नाही. क्षार बाहेर जायला दुसरी वाट असती, समजा पर्ज, म्हणजे मदर लिकरचा थोडा भाग परत न पाठवता सतत बाहेर सोडणं, तर २०० ही फक्त कमाल मर्यादा राहिली असती. पण एका घटकाला बाहेर पडायला एकच दार असेल, तर त्या दारातून किती जातं ते रिसायकल कितीही असली तरी बदलत नाही. ६० टक्के आणि ४० टक्के हे आकडे P काढायला लागतच नाहीत. ते फक्त R ठरवतात.

म्हणून कोणी P काढताना ६० टक्के वापरले असतील, तर तिथेच थांबून विचारा: का लागले?

## टप्पा ५: बरोबर उत्तर, आणि तीन चुकीची

आधी बरोबर क्रम. P आणि W हाती आहेत. आता क्रिस्टलायझर:

```
M = 200 + R
0.6 M = 190 + 0.4 R
=> R = 350,  M = 550
```

मग मिक्सर: X = १००० + ३५० = १३५०, त्यात क्षार १९० + १४० = ३३०. आता राखून ठेवलेला इव्हॅपोरेटर. १३५० मधून ८०० वाफ गेली की ५५० उरतात, आणि M सुद्धा ५५० च होता. क्षार ३३०, आणि ५५० चे ६० टक्के म्हणजे ३३०. दोन्ही जुळले.

आता नेहमी येणारी चुकीची उत्तरं पाहू.

### पहिलं: रिसायकल विसरली

१००० किलो थेट इव्हॅपोरेटरमध्ये घातले. ६० टक्क्यांपर्यंत न्यायचं तर १९० ला ०.६ ने भागून M = ३१६.७, वाफ ६८३.३. मग क्रिस्टलायझरच्या दोन समीकरणांतून P = ११५.२ आणि R = २०१.५ येतं. आता बेरीज करा: ६८३.३, ११५.२ आणि २०१.५ मिळून १०००. क्षारही केकमध्ये १०९.४ आणि मदर लिकरमध्ये ८०.६, मिळून १९०. सगळं चोख जुळतं!

सुरुवातीला म्हटलेला फसवा जुळणारा बॅलन्स तो हाच. त्यात रिसायकल "बाहेर गेलेली" म्हणून बेरजेत धरली गेली आहे. मदर लिकर फेकून देणाऱ्या प्लांटचं हे अगदी बरोबर उत्तर आहे.

### दुसरं: बाहेरच्या बाजूला दुहेरी मोजणी

इथे रिसायकल आठवणीत आहे, पण पूर्ण प्लांटचा बॅलन्स `F = W + P + R` असा लिहिला. क्रिस्टलायझरचं समीकरण बरोबर आहे, त्यातून R = १.७५ P मिळतं. पुढे सोडवलं की P = ११५.२ आणि R = २०१.५. आकडे पहिल्या चुकीचेच! चूक वेगळी, उत्तर तेच, कारण रिसायकल मिक्सरपर्यंत न पोचणं आणि तिला बाहेर गेलेली म्हणणं याचा अर्थ एकच होतो. दोन मित्रांची उत्तरं जुळली म्हणून ती बरोबर असं इथे म्हणता येत नाही.

आणखी एक पाहा. R ला P ने भागलं तर चुकीच्या उत्तरातही १.७५ येतात आणि बरोबर उत्तरातही (३५० भागिले २००). रिसायकलचं गुणोत्तर बरोबर आलं म्हणून निर्धास्त राहू नका. ते गुणोत्तर एकट्या क्रिस्टलायझरमधून येतं, बाकी प्लांट कितीही चुकला तरी.

### तिसरं: आतल्या बाजूला दुहेरी मोजणी

`F + R = W + P`. रिसायकलमुळे आत जास्त माल येतो, असा विचार इथे झालेला असतो. सोडवलं की P = ७६०, R = १३३०, W = १५७०. हे उत्तर टप्पा ४ च्या मर्यादेवरच आपटतं: ७६० किलो केकमध्ये ७२२ किलो क्षार, आणि आत आला फक्त १९०.

### चुकीचा ठसा ओळखा

दुसऱ्या उत्तरात मिक्सर आणि राखीव इव्हॅपोरेटर लावून पाहा. X = १००० + २०१.५ = १२०१.५. त्यातून ६८३.३ वाफ गेली तर ५१८.२ उरले पाहिजेत, पण M आहे ३१६.७. फरक २०१.५. हा आकडा आपण आधी पाहिलाय, तो R आहे. क्षाराचा फरक काढा: X मध्ये २७०.६, M मध्ये १९०, फरक ८०.६. आता ८०.६ ला २०१.५ ने भागा. ०.४० येतं, म्हणजे मदर लिकरचं प्रमाण.

तिसऱ्या उत्तरातही हेच दिसतं, फक्त चिन्ह उलट. X = २३३०, वाफ वजा जाता ७६०, पण M = २०९०. फरक १३३०, तोही R एवढाच, आणि क्षाराचा फरक ५३२, म्हणजे पुन्हा ४० टक्के.

म्हणून बॅलन्स जुळला नाही तर लगेच सगळं खोडू नका. एकूण वस्तुमानाचा फरक काढा, एका घटकाचा फरक काढा, दुसऱ्याला पहिल्याने भागा. जे प्रमाण येईल ते चित्रातल्या एखाद्या प्रवाहाशी जुळलं, आणि फरकही त्या प्रवाहाएवढाच निघाला, तर तोच प्रवाह जास्तीचा मोजला गेलाय किंवा राहून गेलाय. फरक कोणत्याच प्रवाहाशी जुळत नसेल, तर चूक बहुधा सीमेची नाही. आकडेमोड, एकक किंवा टक्केवारी कशावर काढली आहे ते तपासा.

पहिल्या उत्तराला हा ठसा तेव्हाच दिसतो, जेव्हा तुम्ही मिक्सरचं समीकरण मुद्दाम लिहिता. ते लिहिलंच नाही तर चूक झाकलेली राहते. त्यासाठीच टप्पा २ ची हजेरी आधी घ्यायची.

## टप्पा ६: केकला चिकटलेलं मदर लिकर

ही दुहेरी मोजणी चित्रात दिसत नाही, ती शब्दांत लपलेली असते. केकमधलं ५ टक्के पाणी म्हणजे १० किलो. ते शुद्ध पाणी नसतं. स्फटिकांना चिकटलेलं ते मदर लिकर असतं, आणि मदर लिकरमध्ये ६० टक्के पाणी आहे. म्हणजे १० किलो पाण्याबरोबर १६.७ किलो मदर लिकर केकमध्ये अडकलंय, त्यात ६.७ किलो विरघळलेला क्षार. कोरडे स्फटिक १८३.३ किलोच.

क्रिस्टलायझरच्या आत एकूण मदर लिकर ३६६.७ किलो. त्यातलं १६.७ केकबरोबर गेलं, ३५० परत गेलं. प्रश्नात "क्रिस्टलायझरमध्ये किती मदर लिकर तयार होतं" असं विचारलं असेल तर उत्तर ३६६.७, आणि "किती परत जातं" असं विचारलं असेल तर ३५०. पहिला आकडा घेऊन त्यालाच रिसायकल म्हटलं, तर ते १६.७ किलो एकदा केकमध्ये आणि एकदा रिसायकलमध्ये मोजले जातात.

उलट चूकही होते. प्रश्नात "स्फटिकांच्या वजनाच्या अमुक टक्के मदर लिकर चिकटून राहतं" असं दिलेलं असतं आणि वाचणारा ते "केकमध्ये अमुक टक्के पाणी" असं समजतो. टक्केवारी कोरड्या स्फटिकांवर आहे की ओल्या केकवर, आणि ती लिकरची आहे की पाण्याची, हे दोन प्रश्न चित्राशेजारी लिहून ठेवा.

तपासा: १८३.३ + ३६६.७ = ५५०. क्षार १८३.३ + १४६.७ = ३३०. क्रिस्टलायझर आतूनही जुळला.

## टप्पा ७: जे बाहेर पडत नाही त्याचा हिशेब

समजा फीडमध्ये ताशी १ किलो अशी अशुद्धी आहे, जी पाण्यात विरघळलेलीच राहते, स्फटिकात जात नाही आणि वाफेबरोबरही जात नाही. एक हजारात एक, म्हणून बहुतेक जण ती सोडून देतात. रिसायकल नसती तर ते चाललं असतं.

इथे तिला बाहेर जायला एकच वाट आहे, केकला चिकटलेलं १६.७ किलो लिकर. स्थिर अवस्थेत १ किलो आत, म्हणून १ किलो बाहेर. म्हणजे लिकरमध्ये तिचं प्रमाण १ भागिले १६.७, जवळपास ६ टक्के झालं पाहिजे. तेवढं साठेपर्यंत स्थिर अवस्था येतच नाही. ३५० किलो रिसायकलमध्ये मग ताशी २१ किलो अशुद्धी फिरत असते. (लिकरचं एकूण वजन फारसं बदलत नाही असं धरून हा अंदाज आहे. खऱ्या प्लांटमध्ये एवढ्या अशुद्धीने क्षाराची विद्राव्यताही बदलेल.)

ज्या उत्तरात रिसायकलमधली अशुद्धी फीडएवढीच १ किलो दाखवली असेल, ते चूक आहे. अशुद्धीला बाहेर जायला एकही वाट नसेल आणि तरी कोणी स्थिर अवस्था धरून गणित सोडवलं असेल, तर त्या गणिताला उत्तरच नाही. म्हणूनच अशा प्लांटला पर्ज देतात.

पर्ज आला की स्प्लिटर आला, आणि त्याबरोबर दोन नव्या चुका. एक, स्प्लिटरमधून निघणाऱ्या दोन्ही प्रवाहांचं प्रमाण आत येणाऱ्याएवढंच असतं. तिथे काहीच वेगळं होत नाही, फक्त वाटणी होते. म्हणून पर्ज आणि रिसायकल यांना वेगवेगळी प्रमाणं देऊ नका. याच कारणाने त्या चौकोनाचं एकूण वस्तुमानाचं एकच समीकरण उपयोगी ठरतं. प्रत्येक घटकाचं वेगळं लिहिलं तर त्याच माहितीची पुनरुक्ती होते. दोन, पूर्ण प्लांटच्या बॅलन्समध्ये पर्ज येतो, रिसायकल येत नाही, आणि फुटण्याआधीचा प्रवाहही येत नाही. हे तिन्ही एकाच ओळीत दिसले तर तेच लिकर दुहेरी मोजलं गेलं.

## टप्पा ८: अभिक्रिया असेल तर

आतापर्यंत अभिक्रिया नव्हती. ती असली की तपासणीचा क्रम तोच राहतो, पण एक नवा सापळा येतो: रूपांतर कशाच्या तुलनेत मोजलं आहे.

ताजा A ताशी १०० मोल, एका फेरीत २० टक्के रूपांतर, उरलेला सगळा A वेगळा करून परत. A ला बाहेर जायला उत्पादन होण्याशिवाय वाट नाही, म्हणून सगळे १०० मोल वापरले जातात. रिअॅक्टरच्या तोंडाशी मग १०० भागिले ०.२, म्हणजे ५०० मोल A हवा, आणि रिसायकल ४००. प्लांटचं एकूण रूपांतर १०० टक्के.

२० टक्के ताज्या १०० मोलला लावले तर २० मोल उत्पादन येतं. ही पहिल्या चुकीचीच दुसरी जात. आणि एकूण रूपांतर काढताना छेदात ५०० घेतले, तर एका फेरीचाच आकडा परत मिळतो, कारण तेच मोल प्रत्येक फेरीत पुन्हा मोजले जातात. छेदात काय आहे ते पाहा: एका फेरीच्या रूपांतरात X, एकूण रूपांतरात F.

एकूण मोल अभिक्रियेत सारखे राहतीलच असं नाही, म्हणून राखीव तपासणी मोलवर करू नका. वस्तुमानावर किंवा मूलद्रव्यांच्या अणूंवर करा.

## टप्पा ९: स्प्रेडशीटवर सोडवलं असेल तर

रिसायकलचं गणित एक्सेलमध्ये घातलं की R ची किंमत स्वतःवरच अवलंबून राहते. एक्सेल वर्तुळाकार संदर्भाची तक्रार करतो, आणि मग फेऱ्या मारून सोडवण्याची सोय चालू केली जाते. आपल्या उदाहरणात R = ० पासून सुरुवात केली तर फेरीफेरीने केक असा येतो:

```
1 : 115.2
2 : 164.0
3 : 184.7
4 : 193.5
5 : 197.3
```

पहिल्या फेरीचा आकडा पाहा. रिसायकल विसरलेल्याचं उत्तर म्हणजे याच गणिताची पहिली फेरी, तिथेच थांबलेली.

क्षारासाठी हे पटकन स्थिरावतं, कारण आत आलेल्या क्षारापैकी साधारण ४२ टक्केच परत फिरतो. टप्पा ७ च्या अशुद्धीचं तसं नाही. तिच्यातला ९५ टक्क्यांहून जास्त भाग प्रत्येक फेरीत परत जातो. २० फेऱ्यांनंतरही खऱ्या किमतीच्या जवळपास ४० टक्के कमी, ५० फेऱ्यांनंतर १० टक्के कमी. एक्सेलची ठरलेली मर्यादा १०० फेऱ्यांची आहे. तिथे तो गप्प थांबतो, आणि आकडा अजूनही सुमारे १ टक्का कमी असतो. एफ ९ दाबून पुन्हा फेऱ्या मारल्या की आकडे किंचित हलताना दिसतात.

म्हणून आकडे हलायचे थांबले का, एवढ्यावर विसंबू नका. हळू साठणारा घटक प्रत्येक फेरीत थोडासाच हलतो, म्हणून तो थांबल्यासारखा भासतो. शीटच्या तळाशी प्रत्येक घटकासाठी एक वेगळा कप्पा ठेवा: प्लांटच्या बाहेरून आत आलेलं वजा बाहेर गेलेलं. रिसायकल त्यात घालायची नाही. अशुद्धीसाठी ५० व्या फेरीला हा कप्पा ०.१ च्या आसपास दाखवेल, म्हणजे आलेल्या १ किलोपैकी ०.१ किलो अजून आतच साठतंय. तो आकडा १ किलोच्या हजाराव्या भागाखाली गेला की शीटवरची किंमत वापरा.